२८ ते ३२ : महाराष्ट्राच्या एका एक्झिट पोलची उलटतपासणी

१ जून २०२४, संध्याकाळचे साडेसहा. लोकसभेच्या सातव्या आणि शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास झाला आणि सगळ्या वाहिन्यांवर एकदम आकडे झळकू लागले. ही वेळ वाहिन्यांनी ठरवलेली नव्हती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६-अ कलमानुसार निवडणूक आयोग ठरवून देईल त्या काळात एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. २०२४ मध्ये ही बंदी १९ एप्रिलच्या सकाळी ७ पासून १ जूनच्या संध्याकाळी ६.३० पर्यंत होती.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मतदान २० मेलाच आटोपलं होतं. पाच टप्पे झाले होते आणि नागपूरने तर १९ एप्रिललाच मत देऊन टाकलं होतं. म्हणजे १ जूनला जे ‘ताजे आकडे’ म्हणून आले, त्यातली काही माहिती सहा आठवडे जुनी होती. मतदान झालेलं असल्याने मत बदलत नाही हे खरं, पण बातमीत मुलाखती कधी झाल्या हे एका ओळीत सांगायला हरकत नव्हती.

आकडे असे होते. इंडिया टुडे-ॲक्सिस माय इंडियाने महायुतीला २८ ते ३२ आणि महाविकास आघाडीला १६ ते २० जागा दिल्या. एबीपी-सीव्होटरने महायुती २२ ते २६, आघाडी २३ ते २५ असं सांगितलं. टीव्ही९-पोलस्ट्रॅटच्या मते महायुती २२ आणि आघाडी २५. ४ जूनला मोजणी झाली तेव्हा आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि सांगलीत एक अपक्ष.

ॲक्सिसच्या अंदाजात बाजू जवळपास बरोबर उलटली होती. पण त्या संस्थेला नावं ठेवण्यासाठी हा लेख नाही. तो आकडा ज्या पद्धतीने वाचला गेला, बातमीत गेला आणि चर्चेत फिरला, त्यात काय चुकलं ते पाहायचं आहे. कारण पोल चुकणं वार्ताहराच्या हातात नसतं, बातमीतली चूक असते.

‘२८ ते ३२’ म्हणजे काय?

बहुतेक प्रेक्षकांनी, आणि मला वाटतं निम्म्याहून अधिक निवेदकांनी, ही चार जागांची पट्टी म्हणजे मार्जिन ऑफ एरर असं गृहीत धरलं. म्हणजे ‘चुकलोच तर इतकेच चुकू’. असं वाटायला कारणही होतं. टुडेज चाणक्यने देशपातळीवर एनडीएला ४०० जागा देताना पुढे ‘अधिक-उणे १५’ असं लिहिलं होतं. अधिक-उणेचं चिन्ह दिसलं की मागे काहीतरी गणित असणार असं माणसाला वाटतं. एनडीएला प्रत्यक्षात २९३ जागा मिळाल्या.

मार्जिन ऑफ एरर ही संख्याशास्त्रातली ठरीव गोष्ट आहे आणि ती मतांच्या टक्केवारीला लागते, जागांना नाही. समजा एका मतदारसंघातल्या सगळ्या मतदारांमधून चिठ्ठ्या टाकून १,००० जण निवडले, सगळे भेटले, सगळ्यांनी खरं सांगितलं आणि त्यातल्या ४४ टक्क्यांनी एका उमेदवाराला मत दिल्याचं सांगितलं. तर अशा शंभर पाहण्या केल्यास साधारण पंचाण्णव वेळा खरा आकडा त्या-त्या पाहणीत आलेल्या आकड्यापासून तीन टक्के खाली-वर या पट्ट्यात सापडेल. उरलेल्या पाच वेळा तो बाहेर जाईल. एवढंच तिचं म्हणणं आहे. हिशेबही सोपा आहे: ९८ ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागायचं. हजाराचं वर्गमूळ ३१.६, म्हणून ३.१ टक्के.

आता जागांचा अंदाज कसा तयार होतो ते पाहा. आधी मतांची टक्केवारी काढायची, मग ती मतदारसंघनिहाय किंवा विभागनिहाय मागच्या निकालाशी ताडून कोण कुठे पुढे आहे ते ठरवायचं, मग बेरीज. या प्रत्येक पायरीवर कुणाचा तरी निर्णय असतो. महाराष्ट्रात तर २०१९ नंतर शिवसेना आणि राष्ट्रवादी दोन्ही पक्ष फुटलेले होते. ‘मागच्या निकालाशी ताडायचं’ म्हटलं तरी २०१९ मधलं शिवसेनेचं मत आता कुठल्या सेनेच्या खात्यात लावायचं, हा प्रश्न कुठल्याही सूत्राने सुटत नाही. शेवटी निघालेली चार जागांची पट्टी ही त्या सगळ्या निर्णयांनंतर संस्थेला वाटणारा विश्वास असते. तिला ९५ टक्के वगैरे कसलाही आधार नसतो. म्हणून बातमीत ‘२८ ते ३२ जागा मिळण्याची शक्यता’ असं लिहिलं, तर जे पाहणीतून निघालेलंच नाही ते आपण वाचकाला सांगतो. ‘संस्थेचा अंदाज २८ ते ३२’ हे लिहिता येतं.

पावणेसहा लाखांचा दरारा

ॲक्सिसचा देशभराचा नमुना सुमारे ५.८ लाखांचा होता. हा आकडा त्या रात्री प्रमाणपत्रासारखा वापरला गेला: इतक्या लोकांशी बोललेत, चुकतील कसे?

वरचंच सूत्र लावलं तर ५.८ लाखांवर मार्जिन येते ०.१३ टक्के. ऐकायला जबरदस्त. पण हा नमुना ५४३ मतदारसंघांत वाटलेला आहे. सारखा वाटला असं धरलं तर एका मतदारसंघाच्या वाट्याला येतात सुमारे १,०७० लोक आणि आपण परत तीन टक्क्यांवर येतो. जागा ठरते मतदारसंघात. तिथे देशाचा ५.८ लाख उपयोगाचा नाही.

त्यातही तीन टक्के ही एका उमेदवाराच्या मतांची मार्जिन आहे. बातमी असते ‘कोण पुढे’ याची, म्हणजे दोघांतल्या फरकाची. एकाचं मत नमुन्यात चुकून वाढलं तर बहुतेकदा दुसऱ्याचं कमी झालेलं असतं, म्हणून फरकाची मार्जिन जवळपास दुप्पट होते. ४४ विरुद्ध ४३ अशा लढतीत १,०७० लोकांच्या नमुन्यावर ती साडेपाच टक्के येते. बातम्यांमध्ये सर्वांत जास्त होणारी चूक हीच. ‘अमुक उमेदवार चार टक्क्यांनी पुढे, मार्जिन ऑफ एरर तीन टक्के, म्हणजे आघाडी पक्की’ असं लिहिलं जातं. पक्की नसते.

साडेपाच टक्के म्हणजे महाराष्ट्रातल्या सरासरी मतदारसंघात साठ हजारांच्या आसपास मतं. आता ४ जूनचे निकाल पाहा. धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. बीडमध्ये बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडेंना ६,५५३ मतांनी हरवलं. हातकणंगले, उत्तर मध्य मुंबई, अमरावती इथले निकाल वीस हजारांच्या आत लागले. मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकरांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकरांना ४,५२,५९६ मतं पडली. फरक ४८. साठ हजारांच्या आत निकाल लागलेल्या जागा राज्यात डझनाहून जास्त होत्या. म्हणजे अगदी आदर्श पाहणी केली असती तरी या जागांवर ‘सांगता येत नाही’ एवढंच म्हणता आलं असतं. वर्तमानपत्राने मतदारसंघनिहाय ‘हा विजयी, हा पराभूत’ असा नकाशा छापणं म्हणजे नाणी उडवून नकाशा रंगवणं.

एक तपशील इथे जोडतो. ९५ टक्क्यांचा अर्थ वीसपैकी एकदा बाहेर. ४८ मतदारसंघांत स्वतंत्र पाहण्या केल्या तर सगळं काही बिनचूक होऊनही सरासरी दोन-तीन ठिकाणी खरा आकडा मार्जिनच्या बाहेर जाणार. कुठल्या दोन-तीन ठिकाणी, ते कुणालाच माहीत नसतं.

मग राज्यपातळीवर तरी? ४८ गुणिले १,०७० म्हणजे साधारण ५१,००० लोक. आघाडी-युतीच्या फरकावर मार्जिन येते ०.८ टक्के. बरी वाटते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या एकूण मतांतला फरक एक टक्क्याच्या आतबाहेर होता आणि तेवढ्यावर ३० विरुद्ध १७ असा निकाल लागला. हे कळलं की चार जागांची पट्टी किती धाडसाची होती ते लक्षात येतं. एक टक्का इकडे सरकला असता तर पारडं बरंच उलटं झुकलं असतं, आणि एक टक्का ओळखायला आदर्श परिस्थितीतही हा नमुना जेमतेम पुरतो.

मालेगाव मध्य

आदर्श परिस्थिती नसते, कारण कुणीही मतदारांमधून चिठ्ठ्या टाकत नाही. काही मतदान केंद्रं निवडायची आणि प्रत्येक केंद्राच्या आसपास वीस-पंचवीस लोकांशी बोलायचं, अशी रीत आहे. (नाव ‘एक्झिट पोल’ असलं तरी सगळ्याच मुलाखती केंद्राच्या दाराशी होतात असं नाही. घरी जाऊन केलेली मतदानोत्तर पाहणीही याच नावाने खपते. लोकनीती-सीएसडीएस ही संशोधन संस्था मतदानोत्तर पाहणी वेगळी ओळखू देते, बाकीच्यांचं विचारावं लागतं.)

एका केंद्राच्या हद्दीतले लोक एकमेकांसारखी मतं देतात. तीच वस्ती, तीच जात, तोच कारखाना. त्यामुळे त्या वीस जणांकडून वीस वेगवेगळ्या माणसांइतकी माहिती मिळत नाही. ही घट मोजायला सूत्र आहे. केंद्रामागे वीस मुलाखती आणि लोकांमधलं साम्य शून्य ते एक या मापावर ०.१५ धरलं (हे मी उदाहरणासाठी घेतलंय, त्या संस्थेचं नाही), तर ५१,००० चा नमुना खऱ्या अर्थाने १३,००० च्या बरोबरीचा उरतो आणि फरकाची मार्जिन ०.८ वरून १.६ वर जाते. एक टक्क्याची लढत आता पूर्ण धुक्यात.

धुळे हे याचं बोलकं उदाहरण आहे. या लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं. पाचांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसला जवळपास दोन लाखांची आघाडी दिली आणि निकाल ३,८३१ वर आला. शितावरून भाताची परीक्षा ढवळलेल्या भांड्यात होते, इथे भांड्याचा एक कोपराच वेगळा शिजला होता. धुळ्याच्या नमुन्यात मालेगाव मध्यची केंद्रं किती होती, तिथल्या लोकांपैकी किती जण बोलले, आणि तिथे मतदान किती टक्के झालं असं पाहणीवाल्यांनी धरलं होतं, या तीन उत्तरांवर पूर्ण जागा फिरते. केंद्रांची संख्या बरोबर असली तरी तिसरी गोष्ट चुकली की काम तमाम. आणि यातलं काहीही मार्जिन ऑफ एररमध्ये येत नाही.

हेच नेमकं वाचकापर्यंत पोचत नाही. मार्जिन फक्त योगायोगाने झालेली चूक मोजते. बोलायला तयार नसणारे लोक एका बाजूचे जास्त असतील, तर नमुना दहापट केल्याने तीच चूक दहापट लोकांकडून घेतली जाते. पन्नास हजार किंवा पाच लाख, ती कमी होत नाही. उलट मार्जिन बारीक दिसते म्हणून आत्मविश्वास वाढतो. गावात वरचष्मा असलेल्या पक्षाविरुद्ध मत दिलेला माणूस ओळखपत्र लटकवून आलेल्या अनोळखी पोराला खरं सांगेल का, हा प्रश्न प्रत्येक राज्यात आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश दोन्हीकडे चूक एकाच दिशेने झाली. ॲक्सिसने उत्तर प्रदेशात एनडीएला ६७ ते ७२ दिल्या होत्या, मिळाल्या ३६. चुका नुसत्या योगायोगाच्या असत्या तर काही राज्यांत इकडे, काहींत तिकडे अशा पडून बऱ्याचशा एकमेकींना खोडल्या असत्या.

साताऱ्यात आणखी एक गंमत झाली, जी कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. यंत्रावर दुसऱ्या एका उमेदवाराला ट्रम्पेट, म्हणजे लोकांच्या भाषेत पिपाणी, आणि मराठी यादीत तिचंही नाव तुतारीच. उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले. पिपाणीला ३७,०६२ मतं होती. बाहेर आल्यावर ‘तुतारीला दिलं’ असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या मतदाराचं मत यंत्रात कुठे नोंदलं गेलं, हे त्यालाही माहीत नव्हतं. साताऱ्याचा निकाल त्यामुळेच फिरला असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण मुलाखतीतलं मत आणि यंत्रातलं मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र दिसतं.

त्या रात्रीची बातमी

तीन पाहण्या समोर होत्या. एक सांगते महायुती बरीच पुढे, दुसरी सांगते बरोबरी, तिसरी सांगते आघाडी थोडी पुढे. माझ्या मते खरी बातमी हीच होती: महाराष्ट्राबद्दल पाहण्यांचं एकमत नाही. त्याऐवजी बऱ्याच ठिकाणी दोन गोष्टी झाल्या. एकतर सर्वांत मोठा आकडा मथळ्यात गेला. नाहीतर सगळ्यांची सरासरी काढून ‘महापोल’ बनला. वरच्या तिघांच्या पट्ट्यांचे मध्य घेतले तर महायुती ३०, २४ आणि २२, सरासरी पंचवीसच्या वर. ४८ पैकी पंचवीस म्हणजे ‘महायुतीला निसटतं बहुमत’. या वाक्याला तिघांपैकी एकाचाच आधार होता. सरासरीने योगायोगाच्या चुका कमी होतात, सगळ्यांची चूक एकाच अंगाची असेल तर ती तशीच राहते. शिवाय मतभेद झाकला जातो, आणि मतभेद हीच त्या रात्रीची सर्वांत उपयोगी माहिती होती.

मी ती बातमी अशी लिहिली असती: ‘महाराष्ट्रात कोण पुढे, यावर एक्झिट पोलमध्ये एकमत नाही. ॲक्सिस माय इंडियाच्या अंदाजात महायुती ठळकपणे पुढे, तर सीव्होटर आणि पोलस्ट्रॅटच्या अंदाजांत दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत. जागांचे हे आकडे संस्थांनी मतांच्या टक्केवारीवरून आपापल्या पद्धतीने काढले आहेत. अटीतटीच्या लढती असलेल्या राज्यात मतांतल्या एक-दोन टक्क्यांच्या फरकाने डझनभर जागा इकडच्या तिकडे होऊ शकतात.’ मग प्रत्येक संस्थेसाठी: राज्यात किती लोकांशी बोलले, कधी, दाराशी की घरी की फोनवर, पैसे कुणी दिले, मतांची टक्केवारी किती. टक्केवारी जाहीरच केली नसेल तर तेही लिहायचं. ज्या पाहणीने फक्त जागा दिल्या आणि मतं दिली नाहीत, तिला मथळ्यात बसवायचं नाही, असा नियम डेस्कवर असायला हरकत नाही.

जातनिहाय आणि वयनिहाय तक्त्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांवरच चर्चेचे तास भरतात. एका मतदारसंघातल्या १,०७० लोकांत एखादा समाज बारा टक्के असेल तर ते १२८ लोक होतात. त्यांच्यावरची मार्जिन पावणेनऊ टक्के. एवढ्यावर ‘अमुक समाज या मतदारसंघात सरकला’ असं सांगणं म्हणजे हवेत बाण. राज्यभराचे एकत्र केले तर काही म्हणता येतं, पण मग तो तक्ता राज्याचा असतो, मतदारसंघाचा नाही. गटाचा आकडा छापायचा तर गटातली माणसं किती तेही त्याच तक्त्यात छापायचं.

या सगळ्याला किंमत असते ती अशी: एक्झिट पोलनंतर सोमवारी ३ जूनला सेन्सेक्स सुमारे २,५०० अंकांनी चढला आणि निकालाच्या दिवशी, मंगळवारी ४ जूनला जवळपास ४,३९० अंकांनी कोसळला.

निकालानंतरच्या बातम्यांतही एक चूक हमखास होते, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ‘कुणाचा पोल खरा ठरला’ अशी यादी लागते. वरच्या तिघांत पोलस्ट्रॅट सर्वांत जवळ होता, तरी दोन्ही बाजूंना पाच-पाच जागांनी चुकला. सीव्होटरच्या पट्टीत १७ ही नव्हते आणि ३० ही नव्हते. त्यांनी बरोबरी म्हटलं आणि मतांत खरंच बरोबरी होती, म्हणून त्यांची पाहणी चांगली आणि जागांचं गणित कच्चं असं म्हणता येईल. पोल तपासायचा तर आधी मतं मतांशी ताडायची, जागा नंतर. नाहीतर वाईट पाहणी नशिबाने शहाणी ठरते आणि तिचं नाव पुढच्या निवडणुकीत मोठ्या अक्षरात येतं.

पुढची निवडणूक महाराष्ट्रात साडेपाच महिन्यांतच आली. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. लोकसभेच्या अनुभवानंतर काही ठिकाणी ‘एक्झिट पोल महायुतीला जास्त दाखवतात, तेवढं वजा करून वाचा’ असा सल्ला फिरत होता. ॲक्सिस माय इंडियाने या वेळी एक दिवस थांबून महायुतीला १७८ ते २०० जागा दिल्या. २३ नोव्हेंबरला महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी मिळून २३० जिंकल्या. बाजू बरोबर आली, पण आकडा परत पट्टीबाहेर गेला आणि या वेळी उलट दिशेने. जूनमधली चूक वजा करून नोव्हेंबरचा अंदाज वाचणारा आणखी लांब गेला असता.